नळांची कंपनी बदलायची असेल तर पत्र वॉटरप्रूफिंगच्या आधी द्या

बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटमधले बाथरूम-किचनचे नळ आपल्या पसंतीच्या कंपनीचे बसवून मिळावेत म्हणून बिल्डरला पत्र दिलं, ते फेब्रुवारी 2024 मध्ये. ताबा मिळाला ऑक्टोबरमध्ये. मधल्या आठ महिन्यांत जे कळलं ते क्रमाने लिहून ठेवतो आहे. प्रकल्प पुण्यातला, फ्लॅट टू बीएचके, बारा मजली इमारतीत अकराव्या मजल्यावर.

सुरुवात झाली 3 फेब्रुवारीच्या साइट व्हिजिटपासून. कॉमन बाथरूमच्या भिंतींना टाइल लागून गेली होती. मास्टर बाथरूममध्ये मात्र विटांच्या भिंतीत झिरी मारून सीपीव्हीसी पाइप टाकलेले दिसत होते, प्लास्टर व्हायचं होतं. एकाच फ्लॅटमधली दोन बाथरूम अशा वेगवेगळ्या टप्प्यांवर होती, आणि पुढचं सगळं या फरकावरच ठरलं.

कारण असं की नळाचे दोन भाग असतात. बेसिनचा नळ, अँगल कॉक, हेल्थ फॉसेट, सिंकचा नळ हे भिंतीबाहेरचे भाग. भिंतीतून अर्ध्या इंची आट्याचं तोंड बाहेर आलेलं असतं, त्यावर कुठल्याही कंपनीचा नळ बसतो. पाणी शॉवरकडे की खालच्या नळाकडे सोडायचं ते ठरवणारा शॉवरचा डायव्हर्टर मात्र अर्धा भिंतीत असतो. त्याची पितळी कन्सील्ड बॉडी प्लास्टरच्या आधी बसवतात आणि हँडल व प्लेट शेवटी लावतात. एका कंपनीच्या बॉडीवर दुसऱ्या कंपनीची प्लेट बसत नाही. त्यामुळे टाइल लागल्यावर डायव्हर्टरची कंपनी बदलायची म्हणजे टाइल फोडायची, खालचं वॉटरप्रूफिंग तोडायचं आणि ते जोडकाम करून पुन्हा करायचं. असा जोड गळायला लागला की पाणी खालच्या घराच्या छतात उतरतं. बिल्डर या कामाला नाही म्हणतो तेव्हा तो बरोबरच असतो. म्हणून पत्र लिहिण्याआधी साइटवर जाऊन भिंती बघाव्यात आणि प्रत्येक बाथरूमचे तारखेसह फोटो काढून ठेवावेत.

त्यानंतर करारनामा काढला. महाराष्ट्रातल्या रेरा नियमांबरोबर करारनाम्याचा जो नमुना आहे, त्यात फिटिंगची कंपनी किंवा किमतीचा पट्टा ‘परिशिष्ट ई’ मध्ये द्यायचा असतो. आमच्या परिशिष्टात एका कंपनीचं नाव होतं आणि पुढे ‘किंवा समकक्ष’ असे दोन शब्द. मॉडेलचा उल्लेख नव्हता. एकाच कंपनीत साध्या आणि वरच्या श्रेणीच्या नळांच्या किमतीत दुप्पट-तिप्पट फरक असू शकतो, म्हणून आपल्याला नक्की कुठली श्रेणी मिळणार आहे ते आधी साइट इंजिनिअरकडून समजून घ्यावं. आम्ही विचारलं तेव्हा त्यांनी खरेदीची यादी दाखवली. तिचा फोटो पुढे हिशेबाच्या वेळी उपयोगी पडला.

कायद्याबद्दल एक गैरसमज बऱ्याच जणांचा असतो. रेरा कायद्याचं कलम 14 बिल्डरला बांधतं. ठरलेली फिटिंग ग्राहकाच्या आधीच्या संमतीशिवाय त्याला बदलता येत नाहीत. पण ग्राहकाने मागितलं म्हणून बदल करून दिलाच पाहिजे, असं ते कलम म्हणत नाही. ग्राहकाला हवे असलेले किरकोळ बदल बिल्डर करू शकतो, एवढी वाट त्यात मोकळी आहे. म्हणजे हे पत्र हक्काची नोटीस नसून विनंतीच असते, आणि ते तशाच सुरात लिहावं.

मग तोंडी सांगून का भागत नाही? प्लंबरला थोडे पैसे देऊन नळ बदलून घेतलेले शेजारी आमच्याच इमारतीत आहेत. अडचण पुढे येते. कलम 14 प्रमाणे ताब्यापासून पाच वर्षांत कामात दोष निघाला तर बिल्डरने तीस दिवसांत विनाशुल्क दुरुस्ती करून द्यायची असते. पण अनेक करारनाम्यांत एक ओळ असते, की बाथरूम-किचनमधले पाइप आणि फिटिंग बिल्डरच्या लेखी संमतीशिवाय बदलले आणि त्यामुळे गळती झाली तर ही जबाबदारी संपते. आमच्या करारातही ती होती. तीन वर्षांनी भिंतीला ओल आली तर ‘नळ तुम्ही बदलले होते’ एवढं उत्तर पुरतं. त्यामुळे या सगळ्या पत्रव्यवहारातून मिळवायची खरी गोष्ट म्हणजे बिल्डरच्या लेटरहेडवरची सहीची संमती.

पत्राआधी दोन दिवस यादी करण्यात गेले. मास्टर बाथरूममध्ये डायव्हर्टर, शॉवर, स्पाऊट, बेसिनचा नळ, हेल्थ फॉसेट आणि सहा अँगल कॉक (बेसिनला दोन, गीझरला दोन, फ्लश टँकला एक, हेल्थ फॉसेटला एक) असे अकरा नग झाले. कॉमन बाथरूममध्ये बेसिनचा नळ, हेल्थ फॉसेट आणि सहा अँगल कॉक, असे आठ. किचनमध्ये सिंकचा नळ आणि प्युरिफायरचा अँगल कॉक, ड्राय बाल्कनीत दोन नळ, असे चार. एकूण 23. अँगल कॉक बेसिनखाली लपलेले असतात म्हणून लोक त्यांच्याकडे लक्ष देत नाहीत. पण बोअरच्या जड पाण्याने सगळ्यात आधी तेच अडकतात, आणि नळ दुरुस्त करायच्या दिवशी बंद होत नाहीत. बजेट आखडतं असेल तर शॉवर साधा घ्या आणि अँगल कॉक चांगले घ्या, असं माझं मत झालं आहे.

कमोड आणि बेसिन यादीतून मुद्दाम वगळले. कमोडची कंपनी बदलली की भिंतीपासून मैल्याच्या पाइपचं अंतर आणि भिंतीवर टांगायचा असेल तर बोल्टमधलं अंतर जुळेलच असं नसतं. ड्रेनेजचे पाइप आधीच बसले होते, तो धोका घेण्यात अर्थ नव्हता.

शॉवरच्या बाबतीत एक सुधारणा दुकानातच करावी लागली. पसंत केलेल्या मोठ्या रेन शॉवरला किमान एक बार दाब लागतो, असं त्याच्या पत्रकावर छापलेलं होतं. पाण्याच्या दहा मीटर उंचीला साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरची टाकी अकराव्या मजल्याच्या शॉवरपासून जेमतेम सहा-सात मीटर वर, म्हणजे दाब पाऊण बारच्याही आत. वरच्या दोन-तीन मजल्यांवर राहणाऱ्यांनी हे गणित करूनच मॉडेल निवडावं, नाहीतर महागड्या शॉवरमधून पाणी नुसतं ठिबकतं. आम्ही लहान तोंडाचा, कमी दाबाला चालणारा शॉवर घेतला.

8 फेब्रुवारीला पहिलं पत्र दिलं. दोन प्रती नेल्या, एकीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घेतली, आणि त्याच दिवशी तेच पत्र ईमेलनेही पाठवलं. त्यात सगळे 23 नग तर होतेच, शिवाय कॉमन बाथरूमचा डायव्हर्टरही मागितला होता. तिथे चूक झाली. बारा दिवसांनी ग्राहक विभागाच्या मॅडमचा फोन आला, ‘सर, आमच्याकडे कस्टमायझेशन करत नाही.’ लेखी उत्तर नाही. ते बारा दिवस फार अस्वस्थ गेले, कारण मास्टर बाथरूमचं प्लास्टर कोणत्याही दिवशी सुरू होणार होतं.

त्याच संध्याकाळी साइट इंजिनिअरना भेटलो. त्यांनी नकाराची खरी कारणं सरळ सांगितली. ‘साहेब, टाइल फोडायला मी देणार नाही. आणि तुमचं मटेरियल उशिरा आलं तर तुमच्या एका बाथरूमसाठी वॉटरप्रूफिंगवाली टीम थांबते. उद्या पझेशन लांबलं म्हणून तुम्हीच आमच्यावर तक्रार करणार.’ आणखी एक भीती त्यांनी बोलून दाखवली नाही, पण ती असते. नमुना करारात किमतीच्या हप्त्यांचा एक टप्पा सॅनिटरी फिटिंग पूर्ण होण्याशी जोडलेला आहे. ग्राहकाने फिटिंग अडकवून ठेवली आणि त्याच कारणाने हप्ताही थांबवला तर काय, हा प्रश्न बिल्डरच्या हिशेबात असतोच.

दुसरं पत्र या मुद्द्यांना उत्तर देणारं लिहिलं. 21 फेब्रुवारीला दिलं. मुख्य मजकूर असा होता:

“विषय: फ्लॅट क्र. … मधील नळ व फिटिंग परिशिष्ट ई मधील कंपनीऐवजी अन्य कंपनीची बसवण्यास लेखी संमती मिळण्याबाबत.

महोदय, आमच्या दि. 8 फेब्रुवारीच्या पत्रातील कॉमन बाथरूमच्या डायव्हर्टरची मागणी आम्ही मागे घेत आहोत. कोणतीही टाइल किंवा वॉटरप्रूफिंग तोडावे लागणार नाही. सोबतच्या यादीतील 23 नग, मॉडेल क्रमांकासह, आम्ही स्वखर्चाने आणून देऊ. पाइपच्या जागा बदलायच्या नाहीत.

मास्टर बाथरूमची कन्सील्ड बॉडी आपण कळवाल त्या तारखेपर्यंत साइटवर पोचवू. त्या तारखेला ती न पोचल्यास आपण करारातील कंपनीचीच बॉडी बसवावी, आमची हरकत राहणार नाही. आमच्याकडून साहित्य येण्यास उशीर झाल्यास तेवढे दिवस ताब्याच्या मुदतीत धरले जाणार नाहीत. या बदलामुळे कोणताही देय हप्ता आम्ही रोखणार नाही.

फिटिंग आपल्याच प्लंबरकडून बसवून मिळावीत. नळातील उत्पादनदोषाची जबाबदारी उत्पादक कंपनीची राहील. पाइप, जोड, वॉटरप्रूफिंग व बसवणीच्या कामाची करारातील दोषदायित्वाची जबाबदारी पूर्ववत राहील, असे संमतीपत्रात नमूद करावे. न वापरलेल्या 23 नगांच्या आपल्या खरेदी किमतीची वजावट शेवटच्या हप्त्यात मिळावी.”

उशीर झाला तर तुमचंच साहित्य बसवा, हे वाक्य लिहायला जड गेलं. पण इंजिनिअरचा विरोध मावळला तो त्या वाक्यामुळेच. त्यांचं काम आमच्यासाठी थांबणार नाही याची लेखी हमी त्यांना मिळाली. आम्हाला महत्त्वाचं वाक्य होतं दोषदायित्वाचं. पुढे कच्च्या मसुद्यात बिल्डरच्या ऑफिसने ‘बाथरूमची सर्व जबाबदारी ग्राहकाची’ असं लिहून पाठवलं होतं. तेवढ्यावर सही केली असती तर नळ बदलण्याच्या बदल्यात पाच वर्षांची गळतीची जबाबदारी अंगावर घेतल्यासारखं झालं असतं. ती ओळ बदलून घेतली.

4 मार्चला बैठक झाली. विषय मुख्यतः पैशांचा. आमच्या 23 नगांची छापील किंमत 52,000 रुपये होत होती, डीलरने पंचवीस टक्के सूट दिल्यावर जीएसटीसह 39,000. बिल्डरच्या कंपनीच्या तेवढ्याच नगांची छापील किंमत 30,000. आमची अपेक्षा 30,000 च्या वजावटीची होती, पण ती धरून चालत नाही. बिल्डर घाऊक घेतो, त्याला सूट मोठी मिळते, आणि तो परत देतो ते त्याची खरेदी किंमत. सुरुवातीला ते वजावट द्यायलाच तयार नव्हते, ‘माल आधीच आला आहे’ म्हणून. तोच माल दुसऱ्या फ्लॅटला वापरता येतो, हे दाखवल्यावर 16,500 वर तडजोड झाली. त्यांनी साहित्य सांभाळण्याचे 3,000 आणि त्यावर अठरा टक्के जीएसटी, म्हणजे 3,540 रुपये लावले. त्याचं रीतसर बिल मागून घेतलं. 39,000 मधून 16,500 वजा, त्यात 3,540 मिळवले, असा आमच्या खिशातून जादा खर्च झाला 26,040 रुपये. हा खर्च गृहकर्जातून मिळत नाही, वेगळा काढून ठेवावा.

बिल्डरनेच वरच्या कंपनीचा माल आणून फरक घेण्याचाही पर्याय होता. त्यात धावपळ कमी आणि नळाचीही जबाबदारी त्याच्यावर राहते. पण त्यांचा कोटेशनचा आकडा डीलरपेक्षा बराच जास्त होता आणि वॉरंटीचं बिल त्यांच्या नावाने निघणार होतं. ज्यांना साइटवर चकरा मारणं जमणार नाही त्यांनी मात्र हाच मार्ग घ्यावा.

7 मार्चला संमतीपत्र हातात आलं, यादीच्या प्रत्येक पानावर शिक्का होता. बॉडी पोचवायची शेवटची तारीख 15 मार्च. डीलरकडे ती तयार नव्हती, गोदामातून यायला चार दिवस लागले, आणि 12 तारखेला साइटवर देऊन पोच घेतली. ऑर्डर एकाच वेळी द्यावी, बॉडी आणि प्लेट दोन्हींची. सहा महिन्यांनी ते मॉडेल बंद झालं तर भिंतीतल्या बॉडीला प्लेट मिळत नाही. बाकीचे सगळे खोके मात्र घरी ठेवावेत. साइटवरून पितळी नळ चोरीला जातात, म्हणूनच बिल्डरही ते अगदी शेवटी बसवतो.

14 मार्चला बॉडी बसवली तेव्हा तिथे हजर राहिलो, आणि त्याचा उपयोग झाला. बॉडीवर प्लास्टिकचं संरक्षक झाकण असतं. त्यावर किमान आणि कमाल अशा दोन रेषा असतात. टाइलचा वरचा पृष्ठभाग या दोन रेषांच्या मध्ये यायला हवा. मुभा असते ती साधारण वीस-पंचवीस मिलिमीटरची. प्लंबरने बॉडी विटेच्या पातळीला बसवली होती. त्यावर पंधरा मिलिमीटर प्लास्टर, मग वॉटरप्रूफिंगचा थर, मग चिकट आणि टाइल मिळून आणखी तेवढंच, म्हणजे टाइल कमाल रेषेच्याही पुढे गेली असती आणि हँडल आत बुडालं असतं. उलट बॉडी जास्त बाहेर असली तर प्लेट भिंतीला टेकत नाही, तिच्यामागे फट राहते आणि तिच्यातून पाणी आत जातं. हे तपासायला टाइलचा एक तुकडा पुरतो. भिंतीवर प्लास्टरच्या ठिय्याला तो धरायचा, त्यावर सरळ पट्टी ठेवायची आणि पट्टी झाकणाच्या कुठल्या रेषेवर येते ते बघायचं. प्लंबर अनुभवी होते, तुकडा धरून दाखवल्यावर म्हणाले, ‘बरोबर आहे दादा, बाहेर घेतो’, आणि अर्ध्या तासात बॉडी सुधारली. गरम पाणी डावीकडे आणि थंड उजवीकडे आहे ना, तेही तेव्हाच पाहिलं.

दुसऱ्या दिवशी पाइपांची दाबचाचणी झाली. पंपाने दाब चढवून काटा काही तास स्थिर राहतो का ते पाहतात. काट्याचा फोटो सुरुवातीला आणि शेवटी काढला. मग प्लास्टर, वॉटरप्रूफिंग, टाइल. आमच्याकडून एप्रिलअखेरपर्यंत काही करायचं नव्हतं.

भोगवटा प्रमाणपत्र सप्टेंबरमध्ये आलं आणि बाहेरची फिटिंग बसवायला ऑक्टोबरचा पहिला आठवडा ठरला. इथे दोन गोष्टी आग्रहाने करून घेतल्या. पहिली, नळ लावण्याआधी प्रत्येक तोंडातून पाणी पाच-दहा मिनिटं मोकळं सोडणं. पाइपमध्ये सिमेंटची कच आणि वाळू असते. ती कार्ट्रिजमध्ये गेली की नवा नळ पहिल्या दिवसापासून ठिबकतो आणि दोष कंपनीचा की कामाचा यावर वाद होतो. आमच्या सिंकच्या तोंडातून पहिली दोन मिनिटं करडं पाणी येत होतं.

दुसरी गोष्ट ॲसिडची. ताब्याआधी टाइलवरचे सिमेंटचे डाग काढायला सफाईवाले ॲसिड वापरतात. त्याचे शिंतोडेच नव्हे, बंद बाथरूममधली वाफसुद्धा क्रोमवर काळपट ठिपके पाडते, आणि ते पुसून जात नाहीत. कंपन्या असा डाग वॉरंटीत धरत नाहीत. म्हणून आधी ॲसिड, मग भरपूर पाण्याने धुणं, एक दिवस दारं-खिडक्या उघड्या, आणि मग नळ, असा क्रम लेखी ईमेलने कळवला. मास्टर बाथरूममध्ये तो पाळला गेला. कॉमन बाथरूममध्ये बिल्डरचा स्पाऊट आधीच लागलेला होता, तो ठिपक्यांनी भरला. ताब्याच्या दोषयादीत लिहिल्यावर त्यांनी तो बदलून दिला.

19 ऑक्टोबरला ताबा घेताना यादी हातात ठेवून 23 नगांचे मॉडेल क्रमांक जुळवले, प्रत्येक अँगल कॉक पूर्ण बंद करून पाहिला आणि जोडाखाली कोरडा कागद धरून ओल दिसते का ते बघितलं. गीझरच्या एका जोडाचा कागद भिजला, तो तिथेच पुन्हा आवळून घेतला. शेवटच्या हप्त्याच्या मागणीपत्रात 16,500 ची वजावट दिसत नव्हती. लेखा विभागाला संमतीपत्राची प्रत दिल्यावर तीन दिवसांत सुधारित पत्र आलं, आणि पैसे त्यानंतरच भरले. ताबापत्रावर सही करताना ‘दि. 7 मार्च 2024 च्या संमतीपत्रानुसार फिटिंग बसवली’ ही एक ओळ हाताने लिहून त्यावर बिल्डरच्या प्रतिनिधीची सही घेतली. संमतीपत्र, डीलरचं बिल, वॉरंटी कार्डं, काट्याचे फोटो आणि टाइल लागण्याआधीच्या भिंतींचे फोटो आता करारनाम्याच्या फाइलमध्येच ठेवले आहेत. गीझर किंवा आरसा लावायला ड्रिल मारण्याआधी पाइप कुठून गेला आहे हे त्या फोटोंवरूनच बघतो.